पाठीवरचे नाव आणि आकडा

मंडळांच्या स्मरणिका निघू लागल्या म्हणजे जुनी छायाचित्रे पेट्यांतून बाहेर येतात आणि त्यांबरोबर एक नवी हौसही हल्ली बाहेर येते. संघातील खेळाडूंनी त्या दिवशी वेगवेगळ्या रंगांचे शर्ट घातले होते; आता संगणकावर सगळ्यांना एकाच रंगाची जर्सी चढवावी, पाठीवर आडनाव आणि आकडा घालावा, म्हणजे पान शोभेल. कापडाचा रंग बदलणे आज फार अवघड राहिलेले नाही. छायाचित्रातील कपडे सूचनेबरहुकूम बदलून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटभरात निळ्याचे तांबडे करतात. अडते ते पुढे. जर्सी हुबेहूब उतरते आणि पाठीवरचे नाव मात्र वाचता येत नाही. मात्रा भलत्याच अक्षरावर चढलेली असते, शिरोरेषा लाटेसारखी वरखाली झालेली असते, जोडाक्षराच्या जागी अक्षरासारखे दिसणारे काहीतरी उमटलेले असते.

याचे कारण समजून घेतले तर उपायही आपोआप कळतो. अशी साधने कापडाची घडी आणि अक्षराची रेघ यांत फारसा भेद करीत नाहीत. त्यांच्या लेखी दोन्ही रंगांच्या आकृत्याच. घडी थोडी इकडेतिकडे झाली तरी ती घडीच राहते. पण काना थोडा इकडेतिकडे झाला की शब्द बदलतो. देवनागरीचा त्यांचा सराव रोमन लिपीच्या मानाने तोकडा असल्याने आपली आडनावे अधिकच विद्रूप होतात. म्हणून साधनाकडून अक्षरे काढून घेण्याचा आग्रह सोडावा. त्याला जर्सी कोरी करून मागावी, पाठीवर काहीही नको असे स्पष्ट सांगावे, आणि नाव व आकडा आपण स्वतः वेगळ्या थरावर टंकून बसवावा. मूळ चित्रातच अक्षरे शुद्ध असतील आणि केवळ कापडाचा रंग पालटायचा असेल, तर त्या अक्षरांचा भाग निवडून झाकून ठेवावा आणि त्याला हातच लावू देऊ नये. हा मार्ग सर्वांत सोपा, आणि घाईत तोच विसरला जातो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूरच्या एखाद्या मंडळाच्या खो-खो संघाचे छायाचित्र आहे. खेळाडू पाठमोरा, किंचित एका बाजूला वळलेला. त्याच्या पाठीवर ‘वऱ्हाडपांडे’ हे आडनाव आणि खाली इंग्रजी वळणाचा सतरा हा आकडा बसवायचा आहे.

पहिली पायरी लेखनाची. हे आडनाव मुद्दाम घेतले, कारण महाराष्ट्राबाहेर त्याची जेवढी परवड होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाची होत असेल. र, हलन्त आणि ह अशा क्रमाने टंकले की रफार हकाराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि ‘वर्हाडपांडे’ असे रूप उमटते. हिंदीच्या सवयीच्या डोळ्याला त्यात काही खटकत नाही. घरातल्या आजोबांना मात्र ते पहिल्या नजरेत खटकते. आपल्याला हवा आहे तो आडवा, पापणीसारखा रकार. त्यासाठी साध्या र ऐवजी ऱ टंकावा, मग हलन्त, मग ह. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर असतो त्याच कळीवर शिफ्ट दाबून ऱ मिळतो. एवढे करूनही काही टंकांत रकाराखाली टिंब आणि पाय मोडल्याची खूणच दिसत राहते. तेव्हा टंक बदलावा, कारण त्या टंकात हे मराठी रूप घडवलेलेच नाही. ळ कसा दिसतो, ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

छापखान्यातून नाव आले असेल तर आणखी एक धोका असतो. बरेच जुने मराठी मजकूर विशिष्ट टंकांसाठी टंकलेले असतात. तो टंक नसलेल्या यंत्रावर तेच नाव निरर्थक चिन्हांची माळ होऊन बसते. अशा वेळी दुरुस्त्या करीत बसण्यापेक्षा नाव युनिकोडमध्ये नव्याने टंकणे बरे. फोटोशॉपसारख्या कार्यक्रमात भारतीय लिप्यांची मांडणी करणारी सोय चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. जिम्प या मोफत कार्यक्रमात ही अडचण सहसा येत नाही, म्हणून घरच्या कामाला तो पुरे.

नाव शुद्ध उमटले की अंतराचा प्रश्न येतो. जर्सीचे तयार नमुने बहुतेक इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी केलेले असतात आणि त्यांत अक्षराअक्षरांत मोकळी जागा सोडलेली असते. ती तशीच ठेवून मराठी नाव घातले की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि एका नावाचे पाच शब्द होतात. मराठीत हे जास्तीचे अंतर शून्य ठेवावे. नाव रुंद करायचेच असेल तर रुंद घडणीचा टंक घ्यावा, आणि जागेत मावत नसेल तर संपूर्ण नाव थोडे लहान करावे. केवळ आडवे दाबून बसवू नये, कारण त्याने उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र जाड राहते आणि नाव आजारी दिसू लागते.

आकड्यात अडचण उलट प्रकारची. पुष्कळ टंकांत सर्व आकड्यांना सारखीच रुंदी दिलेली असते. इंग्रजी एकाचा आकार सडपातळ, तरी त्याला साताएवढीच जागा मिळते, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना पोकळी राहते. त्यात साताची खालची डावी बाजू मुळातच मोकळी. परिणाम असा की दोन आकडे एकमेकांवर रुसल्यासारखे दिसतात आणि सगळी जोडी उजवीकडे सरकल्याचा भास होतो. सातास एकाकडे सरकवावे. दांड्याच्या जाडीच्या निम्म्याने सुरुवात करून डोळ्याला पटेपर्यंत. नंतर जोडीचा मध्य काढताना कार्यक्रमाने दाखवलेली अदृश्य चौकट धरू नये, प्रत्यक्ष रंगलेल्या कडा धराव्यात.

यापुढचा भाग सर्वांत अधिक चुकतो, आणि तो म्हणजे ‘सरळ’ या शब्दाचा अर्थ. चित्राच्या चौकटीशी समांतर ते सरळ, असे समजून पुष्कळजण नाव आडवे ठेवून देतात आणि ते पाठीवर चिकटपट्टीसारखे तरंगत राहते. सरळ म्हणजे कापडाशी सरळ. गळपट्टीचा मागचा मध्यबिंदू आणि जर्सीच्या खालच्या काठाचा मध्यबिंदू शोधावा. त्यांना जोडणारी रेघ हा पाठीचा कणा. आकड्याची उभी दिशा या रेघेवरून ठरते आणि नावाची आडवी दिशा दोन खांद्यांच्या शिवणींवरून.

आपल्या उदाहरणातला खेळाडू वळलेला आहे. मोजून पाहिले तर नाव येते त्या उंचीवर कण्यापासून जर्सीची डावी कड २१० बिंदूंवर आणि उजवी ३३० बिंदूंवर आहे. दिसणाऱ्या कापडाचा मध्य काढला तर तो कण्याच्या उजवीकडे ६० बिंदूंवर पडतो. नाव तेथे मध्यस्थ केले की ते खांद्यावरून घसरल्यासारखे दिसते. नावाचा मध्य कण्यावरच यायला हवा, आणि कण्याच्या डावीकडची अक्षरे उजवीकडच्यांपेक्षा अरुंद व्हायला हवीत, साधारण सातास अकरा या प्रमाणात. आकड्यांच्या जोडीचा मध्यही कण्यावरच यायला हवा. जिम्पमधील Perspective या हत्याराने थराचे चार कोपरे ओढून हे साधते. मात्र उंची फार कमी करू नये. छायाचित्र लांबून घेतलेले असेल तर वळलेल्या पाठीवर रुंदी बरीच घटते, उंची जवळजवळ तेवढीच राहते. लांबची बाजू उगाच ठेंगणी केली की पाठ पाटीसारखी सपाट भासते.

नाव कमानीत हवे असेल तर एकेक अक्षर कमानीवर मांडणारी सोय देवनागरीला उपयोगी नाही. प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात वळते आणि शिरोरेषा मोडक्या काठीसारखी दिसते. आधी नाव सरळ रेषेत पूर्ण टंकावे आणि मग त्याचे चित्र करून सगळेच एकदम वाकवावे. तसे करण्यापूर्वी टंकलेल्या थराची एक प्रत बाजूला झाकून ठेवावी, कारण वाकवल्यावर ती अक्षरे राहत नाहीत, चित्र होतात, आणि वेलांटीची चूक नंतर सापडली तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

शेवटी घड्या. कापडाची करड्या रंगातली प्रत काढून ती थोडी धूसर करावी आणि Displace या सोयीला आधार म्हणून द्यावी. मध्यम करड्या जागी अक्षर हलत नाही, उजळ व गडद जागी ते विरुद्ध दिशांना सरकते. येथील मापाच्या चित्रात चार ते सहा बिंदूंचे सरकणे पुरते; त्याहून जास्त केले तर शिरोरेषा थरथरू लागते आणि ज्या दोषापासून सुटायचे तोच पुन्हा दारात उभा राहतो. सावलीसाठी तीच करडी प्रत उजळून अक्षरांच्या वर, फक्त अक्षरांपुरती, Multiply या पद्धतीने ठेवावी. पांढरी अक्षरेच त्या पद्धतीत टाकली तर ती निळ्या कापडात नाहीशी होतात.

तपासणीचे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. तोल पाहण्यासाठी चित्र आरशातल्यासारखे उलटे करावे. वाचण्याची सवय मोडते आणि कललेले नाव लगेच नजरेत भरते. पाहून झाल्यावर ते पुन्हा सुलट करण्यास विसरू नये. शुद्धलेखनासाठी मात्र नाव शेवटच्या अक्षराकडून मागे वाचावे: डे, पां, ड, ऱ्हा, व. सरळ वाचताना मन चूक आपोआप दुरुस्त करून घेते, उलट वाचताना त्याला तशी संधी मिळत नाही. ही तपासणी चित्र मोठे करून करावी आणि ज्याच्या हातची अक्षरे त्याने एकट्याने करू नये. पडताळा कोणाशी घ्यायचा, हेही ठरलेले असावे. मंडळाच्या नोंदवहीत एक लेखन, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि घराच्या दारावर तिसरे, असे आपल्या गावांतून पुष्कळदा आढळते. माझ्या मते अशा वेळी दारावरचे नाव खरे मानावे आणि त्या घरच्या माणसाला एकदा चित्र दाखवावे. खेळाडू हयात नसेल तर हे अधिकच अगत्याचे, कारण ते पान त्या घरात जपून ठेवले जाणार असते.

छायाचित्राखाली ‘पोशाख व नावे नंतर बदललेली’ अशी बारीक अक्षरांत ओळ द्यावी आणि मूळ चित्राची प्रत मंडळाच्या दप्तरात तशीच राहू द्यावी. पन्नास वर्षांनी कोणी संघाचा इतिहास लिहायला बसला तर त्या वर्षी कोणत्या रंगाचे शर्ट होते, हे त्याला त्या मूळ प्रतीवरूनच कळेल.