आधी पुढे ओढायचं, मग डोक्यावरून काढायचं

2023 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात पाचव्या सेटला 5–4 अशी आघाडी घेऊन कार्लोस अल्काराझ सर्व्हिसला उभा राहिला. वय वीस, जाळीपलीकडे नोव्हाक जोकोविच, आणि हा गेम जिंकला की विजेतेपद. पहिल्याच गुणाला त्याने ड्रॉप शॉट मारायला घेतला आणि तो फसला. 0–15. एखाद्याने त्यानंतर दोन तास तरी ड्रॉप शॉटचं नाव काढलं नसतं. अल्काराझने पुढच्याच गुणाला पुन्हा तोच फटका काढला. या वेळी जोकोविच धावत चेंडूपर्यंत पोहोचला, त्याने तो कसाबसा पलीकडे ढकलला, आणि अल्काराझने लॉब मारून चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे टाकला. 15–15.

त्या गुणाचं कौतुक बहुतेकांनी धाडस म्हणून केलं. धाडस होतंच, पण बेसलाइनवरून खेळणाऱ्याला हरवण्याचा तो एक जुना हिशोबही आहे. या हिशोबातले दोन फटके एकमेकांवाचून फारसे चालत नाहीत.

बेसलाइनवाला खेळाडू मागच्या रेषेवर, किंवा तिच्याही दोन-तीन मीटर मागे उभा राहून एकेक चेंडू परतवत असतो. त्याच्यावर थेट लॉब मारून काय मिळणार? लॉब पडतो तो विरोधकाच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत, आणि याच्या पाठीमागे कोर्टच उरलेलं नसतं. चेंडू उंच जातो, तो दोन पावलं मागे सरकतो, टप्पा पडून चेंडू वर येईपर्यंत आरामात थांबतो आणि हवा तसा मारतो. अशा लॉबचा उपयोग एकच: आपण कोपऱ्यात अडकलो असलो, तर मधोमध परतायला वेळ मिळतो. सात-आठ मीटर उंच उडालेला चेंडू हवेत दोन सेकंदांहून जास्त राहतो. तेवढ्यात श्वासही घेता येतो. पण गुण काही मिळत नाही.

मोकळी जागा त्याच्या पुढे असते. बेसलाइनपासून जाळीपर्यंत 11.89 मीटर. ड्रॉप शॉट या जागेसाठी आहे, पण तो केव्हा मारायचा हे पाहण्याआधी थोडं गणित करू. समजा चेंडू आपल्या रॅकेटवरून निघून दीड मीटर उंचीपर्यंत चढला आणि जाळीपलीकडे उतरला. याला साधारण एक सेकंद लागतो. चांगला टेनिसचा चेंडू टप्प्यानंतर पडल्या उंचीच्या अर्ध्याहून थोडा वर उसळतो, म्हणजे दुसरा टप्पा पडेपर्यंत आणखी पाऊण सेकंद. एकूण पावणेदोन सेकंदांच्या आसपास. उभ्या जागेवरून दहा मीटर धावायला चपळ माणसालाही जवळजवळ दोन सेकंद लागतात, आणि त्यातला काही क्षण तर ‘हा ड्रॉप आहे’ हे ओळखण्यातच जातो. हातातल्या रॅकेटची लांबी धरली, तर अगदी बेसलाइनवर उभा असलेला खेळाडू जेमतेम पोहोचतो. तीन मीटर मागे असलेला बहुतेकदा पोहोचत नाही.

म्हणजे सगळं अवलंबून आहे त्या दोन-तीन मीटरवर. म्हणूनच अल्काराझ आधी जोरदार टॉपस्पिन फोरहँड मारतो. चेंडू टप्पा पडून खांद्यापर्यंत उसळतो, समोरच्याला मागे सरावं लागतं, आणि पुढच्या वेळी तोच पवित्रा, तोच मागे गेलेला हात दिसला की पाय आपोआप मागेच जातात. रॅकेट चेंडूजवळ येता येता पकड बदलते, फळा आकाशाकडे उघडतो आणि चेंडूखालून सरकतो. फटका नाजूक असला तरी त्याचं सोंग धसमुसळ्या फटक्याचं असावं लागतं.

चेंडू कुठे पडला यापेक्षा तो कसा उतरला हे बघा. चेंडूने सर्वांत वरची उंची आपल्याच बाजूला गाठली पाहिजे, म्हणजे जाळी ओलांडताना तो खाली येत असतो आणि टप्प्यानंतर पुढे पळत नाही. वरची उंची जाळीच्या पलीकडे गेली, की चेंडू सर्व्हिस बॉक्सच्या मध्यापर्यंत तरंगत जातो आणि धावत येणाऱ्याच्या पुढ्यात जेवणाचं ताट वाढल्यासारखा उभा राहतो. दुसरा टप्पा सर्व्हिस रेषेच्या, म्हणजे जाळीपासून 6.40 मीटरच्या, आत पडला तर फटका साधला म्हणायचं.

आणि आपण स्वतः कुठे उभे आहोत? बेसलाइनच्या मागून मारलेल्या ड्रॉप शॉटला जास्त अंतर कापायचं असतं. तो उंच मारावा लागतो, हवेत जास्त वेळ राहतो, आणि तेवढी उसंत समोरच्याला मिळते. क्लबात दिसणारे निम्मे फसलेले ड्रॉप याच कारणाने फसतात: धावून थकलेला माणूस गुण एकदाचा संपवावा म्हणून मागूनच तो मारून बसतो. मोठ्यांचंही हेच होतं. 2020 च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्यात जोकोविचने नदालवर सुरुवातीपासून ड्रॉप शॉटचा मारा केला. नदाल मागे उभा राहतो, म्हणजे कागदावर हा बेत बरोबरच होता. पण नदालला तो अपेक्षित होता, पायांत वेग होता, आणि पोहोचल्यावर काय करायचं हेही ठाऊक होतं. जोकोविच तो सामना 0–6, 2–6, 5–7 असा हरला. एकट्या ड्रॉपमुळे हरला असं मी म्हणणार नाही, पण लपवाछपवी संपली की या फटक्यात फारसं काही उरत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

आता लॉब. ड्रॉप शॉट मारून जागेवर थबकणं ही सर्वांत मोठी चूक. मारल्यावर आपणही दोन-तीन पावलं आत यायचं आणि समोरच्याची रॅकेट बघायची. ती घोट्याच्या उंचीवर, फळा उघडा ठेवून चेंडूखाली घुसत असेल, तर त्याला जोर लावता येणार नाही. तो एक तर परत ड्रॉप टाकेल, नाहीतर चेंडू नुसता ढकलेल. मुख्य म्हणजे त्याचं सगळं वजन पुढे चाललेलं असतं, कधी कधी तो जाळीला टेकण्याच्या बेतात असतो. जो मघापर्यंत बेसलाइनवर ठाण मांडून होता, त्याच्या पाठीमागे आता दहा मीटर कोर्ट रिकामं आहे. ज्याला लॉब लागत नव्हता, त्यालाच आता लॉब लागतो.

तोही फार उंच नको. उंच गेला की त्याला वळून धावायला वेळ मिळतो. उडी मारून वर केलेली रॅकेट तीन मीटरच्या जरा आत-बाहेर पोहोचते, तेवढीच ओलांडायची, आणि शक्यतो बॅकहँडच्या खांद्यावरून, कारण तिथून स्मॅश मारणं सर्वांत अवघड. टॉपस्पिन असेल तर चेंडू टप्प्यानंतर मागच्या कुंपणाकडे पळतो. वारा आपल्या पाठीकडून असेल तर हा लॉब बाहेर जायचा धोका मोठा, आणि त्याच वाऱ्यात ड्रॉपही तरंगतो. वारा तोंडावर असेल तर दोन्ही फटके चेंडूला मागे खेचून धरतात.

एक-दोनदा असा लॉब खाल्ला, की शहाणा विरोधक पुढे येऊन चेंडू परतवल्याबरोबर मागे सरकायला लागतो. तो मागे सरकताना दिसला की लॉब विसरायचा आणि चेंडू त्याच्या पायांशी, किंवा बाजूच्या रेषेलगत खाली मारायचा.