नव्या मॅनेजरचा पहिला निरोप

"उद्या चारला भेटा, जरा बोलायचंय." नव्या मॅनेजरकडून एवढीच ओळ आली, की माणूस रात्रभर विचार करत राहतो: माझं काय चुकलं? म्हणून पहिल्या आठवड्यातल्या भेटीच्या निरोपात कारण आधी यावं.

समजा, टीम आठ जणांची आहे. सोमवारी प्रत्येकाला स्वतंत्र निरोप जावा: "नमस्कार. या आठवड्यात मी सगळ्यांशी एकेकटं, अर्धा तास बोलणार आहे. हा कामाचा आढावा नाही. काय नीट चाललंय, कुठे अडतं आणि माझ्याकडून काय हवं, हे ऐकायचं आहे. तयारी नको. बुधवारी अकरा की गुरुवारी तीन, काय सोयीचं?"

रोज दोन भेटी धरल्या, तर शुक्रवारपर्यंत आठही जण होतात. यातला 'सगळ्यांशी' हा शब्द गाळला, तर आपल्यालाच बोलावलंय अशी शंका येते. भेट पुढे ढकलावी लागली, तर नवी वेळ त्याच निरोपात कळवावी.

"इथलं बोलणं बाहेर जाणार नाही," असं सरसकट वचन मात्र देऊ नये. छळाची तक्रार कानावर आली, तर ती पुढे न्यावीच लागते. पाळता येईल तेवढंच लिहा.