सल्लागार नेमण्याआधी: कार्यकक्षेविषयीचे चार गैरसमज

समजा, १९९४ साली बांधलेली तळमजला अधिक चार मजल्यांची, ३२ सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था आहे. जिन्याखालच्या तुळईचं प्लास्टर पडलं, दोन सदनिकांच्या स्लॅबमधल्या सळया उघड्या पडल्या. आदर्श उपविधींनुसार ३० वर्षांवरील इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं, म्हणून समितीने तीन इंजिनिअरांकडून कोटेशनं मागवली. ती आली ५० हजार, १ लाख १० हजार आणि १ लाख ८० हजारांची. इथून पुढचा घोळ टाळण्यासाठी जो कागद लागतो, त्याला कार्यकक्षा किंवा टर्म्स ऑफ रेफरन्स म्हणतात.

गैरसमज १ : कोटेशनमध्ये काम लिहिलेलं असतंच, वेगळी कार्यकक्षा कशाला?

वस्तुस्थिती : कोटेशनमध्ये सल्लागार काय देणार आहे ते असतं, संस्थेला काय हवं आहे ते नसतं. आपल्या उदाहरणात ५० हजारांत नुसती नजरेची पाहणी आणि हॅमरच्या थोड्या चाचण्या होत्या. १ लाख ८० हजारांत सगळ्या सदनिकांची पाहणी, काँक्रीटचे नमुने काढून तपासणी आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रकही होतं. म्हणजे समिती तीन वेगवेगळ्या कामांचे दर शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवत होती. तिघांनाही एकच कार्यकक्षा आधी दिली असती, तरच त्या आकड्यांची तुलना झाली असती.

गैरसमज २ : ‘इमारतीचे सखोल स्ट्रक्चरल ऑडिट करावे’ एवढं लिहिलं की पुरे.

वस्तुस्थिती : ‘सखोल’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. कार्यकक्षेची सुरुवात करावी ती अहवालाच्या आधारे कोणता निर्णय घ्यायचा आहे, तिथून. उदाहरणार्थ : ‘इमारत दुरुस्त करून वापरता येईल का? येत असेल तर कोणते भाग, कोणत्या क्रमाने आणि अंदाजे किती खर्चात? तातडीने टेकू कुठे लावायला हवेत?’ त्यानंतर हद्द आखावी : सर्व ३२ सदनिका आतून, जिना, गच्ची, वरची आणि जमिनीखालची पाण्याची टाकी यांचा समावेश, कंपाउंडची भिंत वगळली. सदनिका उघडून देण्याची जबाबदारी कोणाची आणि नमुना काढल्यावर पडलेलं भोक कोण बुजवणार, हेही इथेच लिहावं. भांडणं बहुधा याच दोन गोष्टींवरून होतात.

गैरसमज ३ : जितक्या जास्त चाचण्या लिहू, तितकं ऑडिट भक्कम.

वस्तुस्थिती : चाचण्यांची लांबलचक यादी देऊन आपण इंजिनिअरचं डोकं बांधून ठेवतो. रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. जुन्या काँक्रीटवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम होऊन पृष्ठभाग कठीण होतो, त्यामुळे आकडा चांगला येतो. आतली सळई मात्र त्याच प्रक्रियेमुळे गंजाला उघडी पडलेली असू शकते. म्हणून नुसत्या ‘१०० हॅमर चाचण्या’ लिहून प्रश्न सुटत नाही.

काम दोन टप्प्यांत मागावं. आधी प्रत्यक्ष पाहणी आणि दोषांचा नकाशा. मग त्यावरून कुठे कोणती चाचणी घ्यायची याचा सल्लागाराने कारणांसह मांडलेला प्रस्ताव. दरांची तुलना व्हावी म्हणून सर्वांना चाचण्यांची एकच गृहीत संख्या द्यावी आणि वाढीव चाचणीचा प्रत्येकी दर आधीच मागवावा. चाचणीची जागा इंजिनिअरने ठरवावी. ती का निवडली, हे अहवालात नोंदवणं मात्र बंधनकारक ठेवावं.

गैरसमज ४ : अहवाल हाती आला की काम संपलं.

वस्तुस्थिती : ‘इमारतीची दुरुस्ती आवश्यक आहे’ असं सांगणारा ८० पानी अहवालही येऊ शकतो, आणि त्यावरून टेंडर काढता येत नाही. म्हणून हाती काय पडायला हवं त्याची नावं लिहावीत : सदनिकानिहाय दोषांची नोंद, फोटो, चाचण्यांचे मूळ आकडे, दुरुस्तीचा प्राधान्यक्रम आणि परिमाणांसह अंदाजपत्रक. आधी मसुदा, मग सर्वसाधारण सभेत सादरीकरण, सभासदांच्या लेखी प्रश्नांना उत्तरं आणि त्यानंतर अंतिम अहवाल, असा क्रम ठेवावा.

पैसेही याच क्रमाला बांधावेत : २० टक्के सुरुवातीला, ४० टक्के मसुद्यावर, ४० टक्के अंतिम अहवाल स्वीकारल्यावर. धोकादायक भाग आढळल्यास अहवालाची वाट न पाहता २४ तासांत लेखी कळवावं, आणि ऑडिट करणाऱ्याने किंवा त्याच्या संबंधितांनी दुरुस्तीचं कंत्राट घेऊ नये, ही दोन कलमं अजिबात सोडू नयेत.

हे सगळं तीन-चार पानांत बसतं. मसुदा झाला की समितीबाहेरच्या एखाद्या सभासदाला वाचायला द्या आणि विचारा : ‘काम पूर्ण झालं हे तुम्ही कशावरून ओळखाल?’ कागदावर बोट ठेवून उत्तर देता आलं नाही, तर कोटेशनं मागवण्याआधी तो पुन्हा लिहा.