मार्शमेलो : फेटणं कधी थांबवायचं?

मार्शमेलो म्हणजे साखरेच्या पाकात कोंडलेली हवा. ही हवा आत धरून ठेवतं जिलेटिन. ते कसं, हे करूनच पाहू. पाक उकळता असतो आणि अंगाला चिकटून भाजतो, म्हणून ते काम मोठ्यांनीच करावं.

उंच काठाच्या स्टीलच्या भांड्यात ६० मिली थंड पाणी घ्या. त्यावर १० ग्रॅम जिलेटिन भुरभुरवा आणि १० मिनिटं फुगू द्या. दुसऱ्या पातेल्यात १५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ६० मिली पाणी आणि चिमूटभर मीठ उकळा. ग्लुकोजमुळे साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत. पाक ११५ अंश सेल्सिअसला आला की गॅस बंद करा. थर्मामीटर नसेल तर आजीची रीत वापरा : थंड पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी वळता आली पाहिजे.

पाक मिनिटभर निवू द्या. मग इलेक्ट्रिक बीटर हळू चालू ठेवून भांड्याच्या कडेने बारीक धारेने जिलेटिनवर सोडा. पात्यांवर ओतला तर तो उडतो. सगळा पाक गेला की वेग पूर्ण वाढवा.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा मिश्रण पाचव्या मिनिटाला पांढरंशुभ्र दिसलं, म्हणून सहाव्या मिनिटाला थांबले. सकाळी कापलं तर वर फेस आणि खाली रबरासारखा पारदर्शक थर! कारण सोपं आहे. मिश्रण गरम असेपर्यंत जिलेटिन पातळच असतं. त्यातले बुडबुडे वर चढतात आणि पाक तळाशी बसतो. म्हणून १० ते १२ मिनिटं फेटायचं. मिश्रण जवळजवळ तिप्पट झालं, भांडं बाहेरून कोमट लागलं आणि बीटर उचलल्यावर पडलेली जाड धार काही सेकंद तशीच दिसली, की थांबायचं. त्यापुढे फेटत राहिलात तर ते भांड्यातच घट्ट होतं आणि साच्यात पसरत नाही. व्हॅनिला शेवटच्या मिनिटाला घाला.

कॉर्नफ्लॉर आणि पिठीसाखर समान घेऊन चाळा. ७ इंची चौकोनी साच्याला तेलाचा हात लावून ही पूड भुरभुरवा. मिश्रण ओतून वरूनही पूड घाला आणि झाकून रात्रभर बाहेरच ठेवा. फ्रीजमधून काढल्यावर त्यावर पाणी सुटतं. सकाळी तेल लावलेल्या सुरीने तुकडे करा. कापलेली प्रत्येक बाजू चिकट असते, म्हणून तुकडे पुन्हा पुडीत घोळवून चाळणीत झटका. कॉर्नफ्लॉर वरचा ओलावा शोषून घेतं. मात्र साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे पावसाळ्यात डबा घट्ट बंद हवाच.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, त्यामुळे हा पदार्थ शाकाहारी नाही. त्याच मापाने अगर-अगर घातलं तर असा लवचीकपणा येत नाही.