सहा संघ, एक टर्फ, सहा रविवार

पुण्यात बाणेर-वाकडकडे, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, नाशिक-नागपूरच्या नव्या वस्त्यांत गेल्या काही वर्षांत जाळीने वेढलेले हिरवे टर्फ जागोजागी उभे राहिले. सुरुवातीला मित्रमंडळी तासाचे पैसे वाटून घेऊन खेळतात, मग शेजारच्या सोसायटीला आव्हान दिले जाते आणि कधीतरी कोणीतरी म्हणते, "आपण लीगच करू ना!" पाच-पाच खेळाडूंची ही लीग सुरू करणे सोपे आहे. ती शेवटच्या सामन्यापर्यंत भांडणाविना नेणे अवघड. भांडण पेटते ते मैदानात, पण त्याचे मूळ बहुतेक वेळा पहिली शिट्टी वाजण्याआधीच्या कागदात सापडते: वेळापत्रकात, आणि न लिहिलेल्या नियमांत.

एका परिसरातले सहा संघ आहेत असे धरू. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे तर पंधरा सामने होतात. दर रविवारी तीन सामने ठेवले की पाच रविवारांत साखळी संपते आणि सहाव्या रविवारी उपांत्य व अंतिम सामने घेता येतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीन मिनिटांची विश्रांती आणि संघ बदलायला सात मिनिटे, असा चाळीस मिनिटांचा एक सामना. तीन सामने म्हणजे बरोबर दोन तासांचे भाडे. घड्याळ मात्र थांबवायचे नाही. आंतरराष्ट्रीय फुटसालमध्ये वीस मिनिटांचा डाव असतो आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबते; ते भाड्याच्या टर्फवर परवडत नाही, कारण पुढच्या तासाचे लोक दाराशी बूट घालून उभे असतात.

वेळापत्रक तयार करण्याची जुनी आणि खात्रीची रीत आहे. संघांना एक ते सहा क्रमांक द्यायचे, ६ नंबरला जागेवर ठेवायचे आणि उरलेल्या पाचांना त्याच्याभोवती दर फेरीला एकेक घर पुढे सरकवायचे. समोरासमोर येतील त्या जोड्या. पाच फेऱ्यांत एकही जोडी दुसऱ्यांदा येत नाही आणि एकही चुकत नाही. संघ पाच किंवा सात असतील, तर एक क्रमांक रिकामा धरायचा. ज्याची गाठ त्या क्रमांकाशी पडेल, त्याला त्या रविवारी सुट्टी.

फसगत होते ती यापुढे. या रीतीने जोड्या लिहिल्या की जागेवरचा ६ नंबरचा संघ प्रत्येक फेरीत कागदावर सर्वांत वर येतो. आयोजक तो कागद तसाच वेळांना जोडतो, आणि त्या संघाला पाचही रविवार सकाळी सातचा सामना मिळतो. सात आणि आठ-वीस यांत फरक मोठा आहे. कृत्रिम गवत नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, उन्हाच्या दिवसांत साडेआठला तळवे भाजू लागतात. उलट सात वाजता पाच जण गोळा करणे हीच कित्येक संघांची खरी परीक्षा असते. सवलत म्हणा की शिक्षा, ती एकाच संघाच्या वाट्याला वारंवार येणे योग्य नाही.

म्हणून जोड्या ठरल्यावर वेळांचा हिशेब वेगळा करावा लागतो. पाच सामने तीन वेळांत बसवायचे, म्हणजे कोणत्याही संघाला एक वेळ दोनपेक्षा जास्त वेळा येऊ नये आणि प्रत्येक वेळ निदान एकदा यावी. सहा संघांसाठी हे नेमके जमते. खालच्या मांडणीत प्रत्येक ओळीतला पहिला सामना सातचा, दुसरा सात-चाळीसचा आणि तिसरा आठ-वीसचा आहे.

पहिला रविवार: ६–१, २–५, ३–४
दुसरा रविवार: २–३, १–४, ६–५
तिसरा रविवार: ५–३, ६–४, १–२
चौथा रविवार: ४–२, ६–३, ५–१
पाचवा रविवार: ४–५, ३–१, ६–२

कोणताही क्रमांक घेऊन मोजून पाहता येईल. ६ नंबरला सातचा सामना एकदा, मधला दोनदा, शेवटचा दोनदा. ४ नंबरला सातचा दोनदा, मधला दोनदा, शेवटचा एकदा. कोणता संघ कोणता क्रमांक, हे सर्व कर्णधारांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मग तक्रारीला जागाच उरत नाही.

सहाव्या रविवारी आणखी एक खाचखळगा आहे. पहिला विरुद्ध चौथा आणि दुसरा विरुद्ध तिसरा असे उपांत्य सामने लागोपाठ झाले आणि लगेच अंतिम सामना ठेवला, तर दुसरा उपांत्य सामना जिंकणारा संघ घाम पुसत थेट अंतिम सामन्यात उतरतो, प्रतिस्पर्धी मात्र चाळीस मिनिटे बसून ताजा झालेला असतो. त्यावर उपाय म्हणजे मध्ये पाचव्या-सहाव्या स्थानाचा सामना घालणे. त्या दोन संघांनाही शेवटच्या दिवशी खेळायला मिळते. फक्त त्या दिवशी टर्फ दोनऐवजी तीन तास घ्यावे लागते.

आता पैसे. साखळीचे दहा तास आणि शेवटचे तीन, एकूण तेरा. तासाला १,५०० रुपये भाडे धरले तर १९,५०० रुपये होतात. एकोणीस सामन्यांच्या पंचांना सामन्यामागे ३०० रुपये धरले तर ५,७००. प्रत्येक संघाच्या वाट्याला ४,२०० आणि आठ खेळाडूंचा संघ असेल तर माणशी ५२५ रुपये. चेंडू आणि रंगीत बनियनचा खर्च वेगळा. दर शहरागणिक बदलतो, शनिवार-रविवारी आणि दिव्यांच्या वेळी चढतो. पण तेरा तास एकदम आरक्षित करणाऱ्याला मालक सहसा सवलत देतो. सवलतीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट लिहून घ्यावी: पावसाने किंवा वीज गेल्याने खेळ बुडाला तर तो तास पुढे मिळणार की पैसे बुडणार? तोंडी "बघू" हे उत्तर पुरेसे नाही. संघांकडून वर्गणीबरोबर हजार रुपये अनामत घ्यावी आणि सर्व सामने खेळल्यावर परत करावी. तिसऱ्या पराभवानंतर रविवारी झोपून राहण्याचा मोह होतो, तो या अनामतीने बराच आवरतो.

तरीही एखादा संघ येत नाही. पाच मिनिटे थांबून, तीन खेळाडूही नसतील तर समोरच्याला विजय द्यावा. फुटसालच्या नियमांतही तीनपेक्षा कमी खेळाडूंनी सामना सुरू होत नाही आणि फिफाच्या शिस्तसंहितेनुसार असा सामना ५–० ने दिला जातो. तोच आकडा घ्यावा. संघ लीग मध्येच सोडून गेला तर बुद्धिबळातला जुना नियम उपयोगी पडतो: निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल पुसायचे, निम्मे किंवा जास्त झाले असतील तर उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना द्यायचे. हे आधी लिहिले नसेल, तर पळालेल्या संघाला हरवलेला आणि त्याच्याकडून हरलेला, असे दोघेही आपापला न्याय मागतात.

गुण समान झाले तर काय, हाही कागदावरचाच प्रश्न. इंग्लंडची प्रीमियर लीग आधी गोलफरक बघते, स्पेनची ला लीगा आपसांतला निकाल. लहान टर्फवर ला लीगाची पद्धत अधिक न्याय्य वाटते. इथे चार जणांनिशी आलेला संघ सहज १२–१ ने हरतो, आणि तो नेमका कोणासमोर चार जणांनिशी आला यावर विजेता ठरणे बरे नाही. तीन संघ समान असतील तर त्या तिघांच्या आपसांतल्या सामन्यांचीच छोटी गुणतालिका मांडायची, गोलफरक त्यानंतर.

शेवटच्या साखळी रविवारी मात्र एक धोका उरतोच. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २–१ ने हरवून खळबळ उडवली होती. पण त्यांचा गटातला शेवटचा सामना एक दिवस आधी झाला. २५ जूनला हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले, तेव्हा जर्मनीचा एक-दोन गोलांचा विजय दोघांनाही पुढे नेणार हे दोघांना ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरत राहिला. अल्जीरिया बाहेर पडले. १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात. एकाच टर्फवर हे शक्य नाही. शेजारी दुसरे टर्फ असेल तर त्या एका रविवारी ज्या दोन सामन्यांवर चौथे स्थान अवलंबून आहे ते एकाच वेळी घ्यावेत. नसेल, तर ही त्रुटी कर्णधारांना आधीच सांगून ठेवावी.

खेळाचे नियम एका पानात बसावेत. घसरून चेंडू काढण्यास बंदी हवीच, कारण कृत्रिम गवतावर कातडी सोलवटते आणि जाळीचे खांब जवळ असतात. धातूचे स्टड नकोत. चेंडू बाजूच्या किंवा वरच्या जाळीला लागला तर खेळ चालू की बंद, हे टर्फवर सर्वांत जास्त वेळा विचारले जाते. खेळाडू कितीही वेळा बदलता यावेत. फुटसालमधली एक तरतूद जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे: एका डावातल्या सहाव्या फाउलपासून प्रत्येक थेट फ्री किकला समोर भिंत उभी करता येत नाही. धसमुसळेपणा चटकन थांबतो. लाल कार्ड मिळालेल्या संघाने दोन मिनिटे, किंवा गोल बसेपर्यंत, एक खेळाडू कमी ठेवून खेळायचे, हेही तिथलेच.

पंच संघांतल्याच लोकांनी आळीपाळीने व्हावे, असा काटकसरीचा सल्ला हमखास दिला जातो. तो टाळावा. गुणतालिकेत ज्याचा स्वार्थ आहे, त्याच्या हाती शिट्टी देऊन वाचवलेले तीनशे रुपये महाग पडतात. जिल्हा फुटबॉल संघटनांकडे नोंदणीकृत पंच असतात आणि त्यांतले नवोदित पंच अशा लीगला यायला बरेचदा तयार असतात.

आता तक्रारी. मैदानात पंचांशी फक्त कर्णधाराने बोलावे. हात लागला का, चेंडू रेषेपार गेला का, यावर पंचांचा निर्णय अंतिम. फुटबॉलच्या मूळ नियमांतही तसेच आहे आणि मोबाइलवरच्या चित्रफितीने तो बदलू नये. तक्रार घ्यायची ती नियमभंगाची आणि पात्रतेची. सामना संपल्यापासून चोवीस तासांत, लेखी, पाचशे रुपये भरून. तक्रार खरी ठरली तर पैसे परत. निर्णय तीन जणांच्या समितीचा, आणि त्यांतला कोणीही त्या दोन संघांचा नसावा. निकाल पुढच्या रविवारपूर्वी, कारणासह.

एक नमुना पाहू. ३ नंबरच्या संघाने ४ नंबरला ६–२ ने हरवले, पण त्यांच्या बाजूने कॉलेजच्या संघातला एक तेज मुलगा खेळला आणि त्याचे नाव यादीत नव्हते. असा बाहेरचा खेळाडू हे वस्तीतल्या लीगमधले सर्वांत कडवट भांडण असते. नियम असा असावा: प्रत्येक संघाची दहा जणांची छायाचित्रांसह यादी, दुसऱ्या रविवारनंतर बदल बंद. समितीने मग चारच गोष्टी तपासायच्या: यादी, सामन्याच्या वेळी घेतलेला संघाचा फोटो, पंचांची नोंद आणि दोन्ही कर्णधारांचे म्हणणे. तक्रार सिद्ध झाली तर सामना ४ नंबरला ५–० ने. ४ नंबरने मैदानातच ७–० ने जिंकलेले असते, तर मोठा फरक कायम ठेवायचा. फिफाची रीतही हीच. त्या मुलावर कारवाई नको, त्याला कोणीतरी बोलावले म्हणून तो आला. जबाबदारी कर्णधाराची.

लीग आखणाऱ्यांनी वर्गणीचा पहिला रुपया घेण्याआधी दोन पाने सर्व कर्णधारांच्या सहीने पक्की करावीत. एका पानावर वेळांसकट वेळापत्रक आणि दुसऱ्यावर नियम. ज्या कर्णधाराला सही करायची नसेल, त्याच्या संघाशिवाय, एखादा संघ कमी घेऊन सुरुवात करावी.