चेहऱ्यासाठी दाणे की पपईचा चीक?

‘जर्दाळूचा स्क्रब’ म्हणून जगभर खपलेल्या सेंट आइव्ह्जच्या ट्यूबमधली खरखर मुळात अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीची होती. २०१६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात दोन ग्राहक महिलांनी युनिलिव्हरवर दावा लावला, की या दाण्यांमुळे त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. दोन वर्षांनी न्यायालयाने दावा फेटाळला. असे ओरखडे पडले तरी त्यातून खरी इजा होते, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही.

निकाल योग्यच असावा. तरीही नाजूक चेहऱ्यावर मी असा स्क्रब वापरायला सांगणार नाही, आणि त्याचं कारण ओरखड्यांपेक्षा आपल्या त्वचेच्या रंगात आहे. गहूवर्णी आणि सावळी त्वचा चिडली, की ती लाल होऊन थांबत नाही. त्या जागी काळसर डाग उमटतो आणि महिनोन्‌महिने राहतो. वांग असलेल्या गालांवर किंवा पिकलेल्या मुरुमांवर दाणे फिरवणं म्हणजे डागांना आमंत्रणच. अक्रोडाचं कवच फोडून दळलं की कण एकसारखे गोल होत नाहीत, त्यांना कडा राहतात. यंत्रांचे भाग घासून साफ करायलाही हीच भुकटी वापरतात. शिवाय किती घासलं जाणार, हे ठरवतो तुमचा हात. ‘अजून गुळगुळीत झालं नाही’ असं वाटलं, की बोटांचा जोर आपोआप वाढतो.

एन्झाइम पावडरचं काम वेगळ्या रीतीने चालतं. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या मृत पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. आपली त्वचा स्वतःच्या एन्झाइमांनी हे टाके उसवते आणि पेशी रोज नकळत गळतात. पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन हीदेखील प्रथिनं तोडणारी एन्झाइमं आहेत. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो, ती याच गुणासाठी. पपेन मिळतं ते कच्च्या फळाला चिरा दिल्यावर पाझरणाऱ्या पांढऱ्या चिकातून. पिकलेल्या पपईत ते फारच थोडं उरतं. त्यामुळे पिकलेल्या पपईचा गर चेहऱ्याला फासला तर गारवा मिळेल, एक्सफोलिएशन म्हणावं असं फारसं काही होणार नाही. कच्च्या पपईचा चीक तर मुळीच लावू नये. त्याची मात्रा आपल्या हातात नसते आणि तो त्वचा भाजल्यासारखी करू शकतो.

पावडरच का, तर पाण्यात ही एन्झाइमं हळूहळू निकामी होतात. कोरडी ठेवली आणि ऐनवेळी भिजवली की ताजी राहतात. म्हणून कोकणातल्या दमट न्हाणीघरात उघडा राहिलेला डबा वाया गेलाच म्हणून समजा. पावडरच्या गुठळ्या झाल्या, वास बदलला, तर टाकून द्यावी. लेबलवर ‘पपेन’ किंवा ‘ब्रोमेलेन’ असं स्पष्ट लिहिलेलं पाहावं. नुसता ‘पपई अर्क’ लिहिला असेल, तर त्यात काम करणारं एन्झाइम असेलच असं नाही.

ओल्या तळहातावर पाव चमचा पावडर घ्यावी, थोडं पाणी घालून फेस करावा, ओल्या चेहऱ्यावर न चोळता फिरवावा आणि डब्यावर दुसरी वेळ दिली नसेल तर अर्ध्या मिनिटात धुऊन टाकावा. पाणी कोमटापेक्षा गरम नको. उष्णतेने पपेन मरेल असं वाटतं, प्रत्यक्षात ते साठ अंशांच्या पुढेही चांगलं चालतं, म्हणजे गरम पाण्यात त्याचा जोर वाढतोच. नाजूक त्वचेला आठवड्यातून एकदा पुरे.

दाण्यांपेक्षा इथे एक धोका जास्त आहे: जास्त झालं तरी हाताला कळत नाही. ते कळतं दुसऱ्या दिवशी. चेहरा ताणल्यासारखा, वेगळाच चकचकीत दिसतो आणि नेहमीचं मॉइश्चरायझर झोंबतं. तसं झालं तर पावडर, रेटिनॉल आणि आम्लांची सीरमं काही आठवडे बंद ठेवून साधं, बिनसुवासिक क्रीम लावत राहावं.

दुसरा धोका ॲलर्जीचा. पपेनची ॲलर्जी किरकोळ बाब नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जखमांवर लावायची पपेनयुक्त, परवाना नसलेली मलमं बाजारातून काढायला लावली, कारण काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया आली होती. रबरी हातमोज्यांनी खाज सुटणाऱ्यांनी किंवा पपई, अननस, किवी खाल्ल्यावर तोंड खाजणाऱ्यांनी ही पावडर घेऊच नये. बाकीच्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.

पपेनचा रेणू मोठा असल्यामुळे शाबूत त्वचेत तो आत जात नाही, वरच काम करतो. ही मर्यादाही आहे आणि संरक्षणही. ब्यूटी पार्लरमध्ये मात्र आधी दाणेदार स्क्रब, मग वाफ आणि त्यावर पपईचा पॅक असा क्रम असतो. खरवडलेल्या, तापलेल्या त्वचेवर एन्झाइम लावलं की ते संरक्षणच निघून जातं. तिथे गेलात तर दोन्हींपैकी एकच करायला सांगा, आणि गाल आधीच चुरचुरत असतील तर तेही नको.