आधार मोडला, पण भाव खाली टिकला नाही

मे 2022 नंतर चेनलिंक हे नाणे वर्षभराहून अधिक काळ ढोबळमानाने साडेपाच ते साडेनऊ डॉलरच्या पट्ट्यात अडकले होते. तळाला आधार इतका ठळक, की अनेकांनी स्टॉपलॉस त्याच्याच खाली लावलेले.

जून 2023 मध्ये अमेरिकी नियामकाने बायनान्स आणि कॉइनबेसवर खटले भरले. 10 जूनला भाव कोसळून 5 डॉलरच्याही खाली गेला. स्टॉपलॉस एकामागोमाग उडाले आणि मोठ्या खरेदीदारांना हवा तेवढा माल स्वस्तात मिळण्याची सोय झाली.

जूनअखेर भाव 6 डॉलरच्या वर होता. ऑक्टोबरमध्ये पट्ट्याची वरची कडही ओलांडली.

वायकॉफ पद्धतीत आधार मोडून भाव पुन्हा पट्ट्यात परतण्याला ‘स्प्रिंग’ म्हणतात. मात्र नुसती खालची लांब वात पाहून खरेदी करणे धोक्याचे. भाव पट्ट्यात परतून तिथेच बंद होत राहिला आणि पुढच्या घसरणीत व्हॉल्यूम आटला, तरच विक्री संपल्याचे मानता येते.